फोटॉनची सोडत: बोसॉन सॅम्पलिंग संगणकाला का झेपत नाही?

२०२० च्या डिसेंबरात चीनमधल्या एका प्रयोगाची बातमी जगभर झाली. ‘जिउझांग’ नावाच्या प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राने २०० सेकंदांत जे काम केले, त्याला महासंगणकाला कोट्यवधी वर्षे लागतील, असा दावा होता. काम कोणते, हे मात्र बहुतेक बातम्यांनी एका वाक्यात उरकले: ‘बोसॉन सॅम्पलिंग’. त्या यंत्राने कोणतेही गणित सोडवले नव्हते, कोणताही सांकेतिक संदेश फोडला नव्हता. त्याने फक्त नमुने काढले, म्हणजे एका विशिष्ट संभाव्यतेनुसार पुन्हा पुन्हा सोडत काढली. मग सोडत काढण्यात एवढे अवघड ते काय?

याचे उत्तर ‘पर्मनंट’ नावाच्या एका गणिती राशीत आहे. ती समजायला दोन-तीन फोटॉन पुरतात.

## यंत्रात असते तरी काय

एका बाजूला प्रकाशाच्या काही वाटा आत येतात आणि दुसऱ्या बाजूला तितक्याच वाटा बाहेर पडतात. मध्ये बीमस्प्लिटरचे जाळे असते. बीमस्प्लिटर म्हणजे अर्धा प्रकाश आरपार जाऊ देणारा आणि अर्धा परतवणारा आरसा. आतल्या काही वाटांवर एकाच क्षणी एकेक फोटॉन सोडायचा. जाळ्यातून गेल्यावर बाहेरच्या प्रत्येक वाटेवरचा शोधक आपल्याकडे फोटॉन आला की नाही ते सांगतो. ‘दुसऱ्या, सातव्या आणि नवव्या वाटेवर एकेक फोटॉन’ अशी जी नोंद मिळते, तो एक नमुना. मग पुन्हा फोटॉन सोडायचे, पुन्हा नोंद घ्यायची. एवढेच.

फोटॉन एकमेकांना ढकलत नाहीत, एकमेकांवर आदळत नाहीत. म्हणून प्रत्येक जण स्वतंत्रपणे आपली वाट निवडत असेल आणि सगळा हिशेब खिळ्यांच्या पाटीवरून घरंगळणाऱ्या गोट्यांसारखा सरळ असेल, असे वाटणे साहजिक आहे. तसे होत नाही. फोटॉन हे बोसॉन जातीचे कण आहेत. दोन फोटॉन रंग, ध्रुवीकरण आणि वेळ या सगळ्यांत तंतोतंत सारखे असले, तर कोणता कुठून आला हे सांगण्याची सोयच निसर्गात उरत नाही. सारा गुंता इथून सुरू होतो.

## दोन फोटॉन, एक आरसा

पुंजभौतिकीत प्रत्येक शक्यतेला आधी संभाव्यता नसते, ‘आयाम’ असतो. आयामाची कल्पना घड्याळाच्या काट्यासारख्या बाणाने करता येते: त्याला लांबी असते आणि दिशाही असते. एकच परिणाम अनेक मार्गांनी घडू शकत असेल आणि ते मार्ग वेगळे ओळखता येत नसतील, तर त्यांचे बाण आधी जोडायचे आणि मग बेरजेच्या लांबीचा वर्ग करायचा. तो वर्ग म्हणजे संभाव्यता. दोन बाण विरुद्ध दिशांना असतील तर ते एकमेकांना खाऊन टाकतात.

आता एक अर्धा-अर्धा बीमस्प्लिटर घ्या आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी एकेक फोटॉन सोडा. दोन्ही बाहेरच्या वाटांवर एकेक फोटॉन मिळण्याचे मार्ग दोन: दोघेही आरपार गेले, किंवा दोघेही परतले. पहिल्या मार्गाचा आयाम उणे अर्धा, दुसऱ्याचा अधिक अर्धा. (उणे चिन्ह कोणत्या मार्गाला द्यायचे हा मांडणीचा प्रश्न आहे. पण एकाला ते द्यावेच लागते, नाहीतर एकूण संभाव्यता १ भरत नाही.) बेरीज शून्य. म्हणजे सारखे फोटॉन असतील तर ते कधीच वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडत नाहीत. दोघे जोडीनेच एकीकडे किंवा दुसरीकडे जातात. गोट्या असत्या तर निम्म्या वेळा त्या वेगळ्या झाल्या असत्या.

हाँग, औ आणि मँडेल यांनी १९८७ मध्ये हे प्रयोगात दाखवले. एका फोटॉनला किंचित उशीर केला की दोघांतला फरक ओळखता येतो आणि ‘एकेक’ अशा नोंदी परत दिसू लागतात. उशीर शून्यावर आणला की त्या नोंदींच्या आलेखात खड्डा पडतो. फोटॉन किती सारखे आहेत हे तपासायला प्रयोगशाळेत आजही हाच खड्डा मोजतात. तो जितका खोल, तितका स्रोत चांगला.

## तीन फोटॉन, सहा बाण

आता तीन वाटांचे जाळे घेऊ. तिन्ही वाटांवर एकेक फोटॉन आत जातो. कोणत्या वाटेवरून आलेला फोटॉन कोणत्या वाटेने बाहेर पडेल, याचे आयाम तीन गुणिले तीन अशा मॅट्रिक्समध्ये लिहिता येतात. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचा चौकोनी तक्ता. इथे स्तंभ आत येणाऱ्या वाटांचे, ओळी बाहेर पडणाऱ्या वाटांच्या. सर्वांत सममित जाळ्यात प्रत्येक बाणाची लांबी १/√3 असते. दिशा घड्याळाच्या आकड्यांनी लिहू:

```
१२  १२  १२
१२   ४   ८
१२   ८   ४
```

एकाच फोटॉनचा विचार केला तर तो कुठूनही येवो, कोणत्याही वाटेने बाहेर पडण्याची संभाव्यता एक तृतीयांशच. गंमत तिघे एकत्र आल्यावर आहे.

‘तिन्ही वाटांवर एकेक’ हा नमुना किती मार्गांनी मिळेल? तीन माणसे तीन खुर्च्यांवर जितक्या प्रकारे बसतात तितक्या, म्हणजे सहा. प्रत्येक मार्गासाठी प्रत्येक ओळीतून एक आणि प्रत्येक स्तंभातून एक अशी तीन घरे निवडायची आणि त्यांचा गुणाकार करायचा. बाणांचा गुणाकार सोपा: लांब्या गुणायच्या आणि तास मिळवायचे, बेरीज १२ च्या पुढे गेली की १२ वजा करायचे. सहाही गुणाकार करून पाहा. तीन बाण ४ वर येतात आणि तीन ८ वर. एक ४ चा आणि एक ८ चा बाण जोडला की तेवढ्याच लांबीचा बाण ६ वर मिळतो, म्हणून एकूण बेरीज तीन एकक लांबीची. प्रत्येक गुणाकारात १/√3 तीनदा येतो. हिशेब पूर्ण केला की संभाव्यता बरोबर १/३ निघते.

आता ‘पहिल्या वाटेवर दोन, दुसरीवर एक, तिसरीवर शून्य’ हा नमुना बघू. इथे पहिली ओळ दोनदा घ्यायची, दुसरी एकदा, आणि तिसरी सोडून द्यायची. पहिल्या ओळीत सगळे बाण १२ चे, म्हणजे त्यांनी दिशा बदलत नाही. दुसऱ्या ओळीतले १२, ४ आणि ८ प्रत्येकी दोनदा येतात. हे तीन बाण जोडले की त्रिकोण बंद होतो आणि बेरीज शून्य होते. असे ‘दोन-एक’ धाटणीचे सहा नमुने आहेत आणि सहाही निषिद्ध आहेत. उरलेले तीन नमुने तिघेही एकाच वाटेवर जाण्याचे. तिथे सहाही बाण एकाच दिशेला येतात, बेरीज सहा एकक होते. मात्र एकाच वाटेवरचे तीन फोटॉन आपापसांत अदलाबदल केले तरी परिणाम तोच राहतो, म्हणून संभाव्यतेला सहाने भागावे लागते. प्रत्येकी २/९ मिळतात. तीनदा २/९ आणि एकदा १/३, बेरीज १.

तीन गोट्या असत्या तर २७ पैकी १८ वेळा ‘दोन-एक’ नमुनाच आला असता. म्हणजे गोट्यांच्या बाबतीत जे सर्वाधिक वेळा घडते, ते सारख्या फोटॉनच्या बाबतीत अजिबात घडत नाही. असे जाळे बांधून ‘दोन-एक’ नोंदी दिसायला लागल्या, तर आपले फोटॉन पुरेसे सारखे नाहीत हे आकडेवारीच सांगते.

वर आपण जी बेरीज केली, प्रत्येक ओळीतून आणि प्रत्येक स्तंभातून एकेक घर घेऊन केलेल्या सर्व गुणाकारांची, तिलाच मॅट्रिक्सचा पर्मनंट म्हणतात. कितीही फोटॉन असोत, नमुन्याचा आयाम म्हणजे कोणत्या तरी मॅट्रिक्सचा पर्मनंटच असतो.

## निश्चयक सोपा, मग पर्मनंट अवघड का?

शाळेच्या बीजगणितात निश्चयक भेटलेला असतो. दोन गुणिले दोनचा निश्चयक ad − bc. त्याच मॅट्रिक्सचा पर्मनंट ad + bc. निश्चयकात निम्म्या गुणाकारांना उणे चिन्ह असते, पर्मनंटमध्ये सगळे अधिक. दिसायला पर्मनंटच सोपा वाटतो. प्रत्यक्षात उलटे आहे.

पुस्तकी व्याख्येनुसार निश्चयकातही n! पदे असतात. २० गुणिले २० साठी ती सुमारे २४ लाख कोटींच्या एक लाख पट भरतात. पण एवढी पदे कोणी लिहीत नाही. एका ओळीची पट दुसऱ्या ओळीत मिळवली तरी निश्चयक बदलत नाही, म्हणून एकेक घर शून्य करत जायचे आणि शेवटी कर्णावरच्या आकड्यांचा गुणाकार करायचा. २० साठी काही हजार क्रियांत काम संपते.

ही युक्ती चालते ती एकाच कारणाने: दोन ओळी सारख्या असल्या की निश्चयक शून्य होतो. अधिक आणि उणे पदांच्या जोड्या तंतोतंत कटतात. ओळीत ओळ मिळवताना जो जास्तीचा भाग तयार होतो त्यात दोन सारख्या ओळी असतात, म्हणून तो आपोआप नाहीसा होतो. पर्मनंटमध्ये दोन सारख्या ओळींनी काहीच कटत नाही. जास्तीचा भाग तसाच शिल्लक राहतो आणि घरे शून्य करण्याचा मार्ग बंद होतो.

यालाच भौतिकीची बाजू आहे. इलेक्ट्रॉनसारख्या फर्मिऑन कणांचा आयाम निश्चयकाने मिळतो. ‘दोन सारख्या ओळी म्हणजे शून्य’ याचा तिथला अर्थ: दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. म्हणून एकमेकांवर परिणाम न करणाऱ्या फर्मिऑनचा हाच प्रयोग साधा संगणक सहज नक्कल करतो. फोटॉनला मात्र एकाच वाटेवर गर्दी करायला काहीच हरकत नसते, आणि त्या मुभेची किंमत हिशेब करणाऱ्याला मोजावी लागते.

लेस्ली व्हॅलियंट यांनी १९७९ मध्ये सिद्ध केले की घरांत नुसते ० आणि १ असले तरी पर्मनंट काढणे हे ‘मोजणीच्या’ सर्वांत कठीण प्रश्नांइतके कठीण आहे. मोजणीचा प्रश्न म्हणजे ‘उत्तर आहे का?’ एवढेच न विचारता ‘उत्तरे किती आहेत?’ असे विचारणारा. त्यासाठी झटपट पद्धत सापडली, तर अवघड समजल्या जाणाऱ्या प्रश्नांची एक भलीमोठी इमारतच कोसळेल. तशी ती कोसळेल असे जवळजवळ कोणालाही वाटत नाही.

## मग किती कष्ट पडतात?

n! पदे लिहिण्यापेक्षा बरा मार्ग आहे. तो रायझर यांनी १९६३ मध्ये दिला. कल्पना कंस सोडवण्यातलीच आहे. (a+b)(c+d) यात हवे असलेले ad + bc आहेच, शिवाय नको असलेले ac आणि bd आहेत, कारण त्यांत एकच स्तंभ दोनदा आला. ते वजा करून टाकायचे. मोठ्या मॅट्रिक्ससाठी स्तंभांचे सगळे गट घेऊन अशीच अधिक-वजा करायची:

```python
from itertools import combinations

def perm(A):
    n = len(A)
    total = 0
    for k in range(1, n + 1):
        for S in combinations(range(n), k):
            p = 1
            for row in A:
                p *= sum(row[j] for j in S)
            total += (-1) ** (n - k) * p
    return total
```

वरचे घड्याळी मॅट्रिक्स संमिश्र संख्यांत लिहून यात घातले, तर उत्तर −३ येते (दशांशातली बारीक चूक सोडून), म्हणजे ६ वर रोखलेला तीन लांबीचा बाण. n स्तंभांचे गट 2ⁿ असतात. २० साठी हे सुमारे साडेदहा लाख, म्हणजे साध्या लॅपटॉपचा खेळ. ५० साठी सुमारे ११ कोटी कोटी, आणि प्रत्येक गटामागे पुन्हा पन्नासेक क्रिया. नीट लिहिलेल्या प्रोग्रामने सेकंदाला अब्ज क्रिया केल्या, तरी एका पर्मनंटला पावणेदोन वर्षांच्या आसपास लागतात. मोठा महासंगणक हे झटक्यात उरकेल. पण एक फोटॉन वाढला की कष्ट दुप्पट, दहा वाढले की हजारपट, आणि सहा दशकांत या दुपटीतून कोणाची सुटका झालेली नाही.

थोडी पदे निवडून अंदाज बांधला तर? तेही जमत नाही. बाण इतस्ततः रोखलेले असले तर n! बाणांच्या बेरजेची लांबी साधारण √(n!) एवढीच उरते, बाकी सगळे आपापसांत कटते. २० फोटॉनसाठी दीड अब्जांत एक भाग शिल्लक राहतो. नमुन्यादाखल काही पदे घेतली, तर त्यांच्या चढउतारात हा शिल्लक भाग पार बुडून जातो.

## म्हणजे प्रकाश पर्मनंट मोजतो का?

नाही. याबाबत सर्वाधिक गैरसमज आहे. समजा २० फोटॉन आणि ४०० वाटा आहेत. एका वाटेवर एकच फोटॉन धरला तरी शक्य नमुने सुमारे २.८ गुणिले १०³³ होतात. एका ठरावीक नमुन्याची संभाव्यता जाणून घ्यायची तर तो पुरेशा वेळा दिसायला हवा. यंत्राने सेकंदाला एक कोटी नमुने काढले तरी विश्वाच्या आतापर्यंतच्या वयात तो एकदाही दिसण्याची आशा धरता येत नाही. यंत्राला कोणताही पर्मनंट ‘माहीत’ नसतो. ते फक्त पर्मनंटांनी ठरवलेल्या वाटपातून चिठ्ठ्या काढून देते.

मग उलट प्रश्न पडतो: यंत्राला पर्मनंट लागत नाही, तर संगणकाला तरी का लागावा? फासा टाकताना कोणी संभाव्यता मोजत बसत नाही. हा आक्षेप रास्त आहे, आणि स्कॉट अॅरनसन व अॅलेक्स आर्खिपॉव्ह यांनी २०१० च्या सुमारास त्याला जे उत्तर दिले, तेच या विषयाचे खरे मर्म आहे.

संगणकाचा प्रोग्राम यदृच्छा कुठून आणतो? नाणेफेकीच्या एका लांबलचक यादीतून. ती यादी ठरवून दिली की तो तोच नमुना पुन्हा देतो. म्हणून एखाद्या नमुन्याची संभाव्यता म्हणजे तो नमुना देणाऱ्या याद्या भागिले एकूण याद्या. संभाव्यतेचा प्रश्न मोजणीचा प्रश्न झाला. आणि ‘साधारण किती याद्या’ एवढेच विचारायचे असेल, तर लॅरी स्टॉकमायर यांनी १९८३ मध्ये दाखवल्याप्रमाणे नेमक्या मोजणीपेक्षा बरीच कमी ताकद पुरते. मग सोडत हुबेहूब काढणारा झटपट प्रोग्राम असता, तर त्याच्या याद्यांचा अंदाज घेऊन पर्मनंटच्या वर्गाचा जवळपास आकडा त्या कमी ताकदीतच मिळाला असता. पण तो जवळपासचा आकडादेखील मोजणीच्या कठीण प्रश्नांइतकाच अवघड आहे. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. नांदल्या तर वर सांगितलेली इमारत कोसळते.

हीच युक्ती प्रकाशाच्या यंत्राला लावता येत नाही, कारण त्याच्या यदृच्छेची यादी बाहेर काढून हातात घेता येत नाही. फोटॉनच्या पोटात नाणेफेकीची चिठ्ठी नसते. संगणक आणि निसर्ग यांच्यातला फरक इथे नेमका दिसतो.

एक पायरी मात्र अजून कच्ची आहे. खरे यंत्र हुबेहूब सोडत काढत नाही, थोडे चुकतेच. तेवढी चूक नक्कल करणाऱ्यालाही माफ केली, तर अडचण टिकते का? त्यासाठी जाळे यदृच्छ निवडतात आणि वाटांची संख्या फोटॉनच्या वर्गापेक्षा बरीच जास्त ठेवतात. मग वापरात येणारा छोटा मॅट्रिक्स कोणता हे नक्कल करणाऱ्याला आधी कळत नाही, आणि आपल्या चुका नेमक्या त्याच्याच जागी लपवणे त्याला जमत नाही. तरीही पुराव्याचा हा भाग पर्मनंटविषयीच्या दोन गृहीतकांवर उभा आहे. ती खरी असावीत असे वाटण्यास चांगली कारणे आहेत, पण ती सिद्ध झालेली नाहीत.

## नमुने इतके प्रचंड, हीच अडचण नाही का?

नाही. नमुन्यांच्या संख्येने बिचकायचे कारण नाही. पीटर आणि रॅफेल क्लिफर्ड यांनी २०१७ मध्ये अशी पद्धत दिली, की सगळ्या नमुन्यांची यादी न करता फोटॉन एकामागून एक बसवत जायचे, आणि प्रत्येकाची जागा आधी बसलेल्यांकडे बघून ठरवायची. एका नमुन्याचा खर्च n आकाराचे जेमतेम एकदोन पर्मनंट मोजण्याइतका येतो. म्हणून ‘अमुक इतक्या शक्यता, सबब अशक्य’ हा बातम्यांतला युक्तिवाद पोकळ आहे. खरा खर्च फोटॉनच्या संख्येवर ठरतो.

आणखी एक बारकावा. फोटॉन एकमेकांहून वेगळे ओळखता आले, तर नमुन्याची संभाव्यता तरीही पर्मनंटच असते, फक्त प्रत्येक घरात बाणाऐवजी त्याच्या लांबीचा वर्ग असतो. तो पर्मनंट तंतोतंत काढणेही कठीणच. पण नक्कल पोरखेळ आहे: प्रत्येक फोटॉनसाठी वेगळा फासा टाका, झाले. शिवाय उणे आकडे नसलेल्या मॅट्रिक्सचा पर्मनंट हवा तितका जवळ अंदाजता येतो. जेरम, सिंक्लेअर आणि विगोडा यांनी त्याची पद्धत २००१ मध्ये दिली. तेव्हा अडचण ‘पर्मनंट’ या नावात नाही, बाणांच्या कटाकटीत आहे. कटाकट गेली की कठीणपणाही गेला.

## प्रयोगात काय बिघडते

कटाकट टिकवणे हीच प्रयोगशाळेतली झुंज. फोटॉनच्या वेळेत, रंगात किंवा ध्रुवीकरणात थोडा फरक पडला, की सगळे फोटॉन मिळून होणारे व्यतिकरण, म्हणजे बाणांची बेरीज-वजाबाकी, सर्वांत आधी विरते. फक्त दोघा-तिघांचे गट मिळून होणारे व्यतिकरण उरते. तेवढेच धरून केलेला हिशेब खऱ्या वाटपाच्या पुरेसा जवळ जातो, आणि तो स्वस्त असतो.

दुसरा शत्रू म्हणजे गळती. प्रत्येक फोटॉन स्रोतापासून शोधकापर्यंत सुखरूप पोचण्याची शक्यता निम्मी असली, तर पन्नासच्या पन्नास पोचण्याची शक्यता एक भागिले 2⁵⁰. सेकंदाला दहा कोटी प्रयत्न केले तरी एका पूर्ण नोंदीसाठी सरासरी १३० दिवस वाट पाहावी लागेल. हा 2⁵⁰ ओळखीचा आहे. संगणकाला रायझरच्या सूत्रात हाच आडवा येतो. यंत्र आणि संगणक दोघेही एकाच वेगाने हरत असतील, तर यंत्राची सरशी कुठे उरली? २०१९ मध्ये चीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातल्या गटाने ६० वाटांच्या जाळ्यात २० फोटॉन सोडले. एकाच वेळी नोंदले गेलेले फोटॉन जास्तीत जास्त १४ होते.

म्हणून २०२० च्या यंत्राने चाल बदलली. हुकमी एकेक फोटॉन मिळवणे अवघड, तर ‘स्क्वीझ्ड’ प्रकाश वापरायचा, ज्यात फोटॉन जोड्यांनी निपजतात आणि किती जोड्या येतील ते प्रकाशावर सोपवायचे. जिउझांगमध्ये असे ५० झोत १०० वाटांच्या जाळ्यात गेले आणि एका वेळी ७६ पर्यंत शोधक वाजले. या प्रकारात पर्मनंटची जागा ‘हाफ्नियन’ घेतो. पर्मनंट दोन गटांतल्या जोड्या जुळवतो, हाफ्नियन एकाच गटातल्या. अवघडपणा त्याच जातीचा.

उत्तर बरोबर आले हे कसे तपासायचे? मोठ्या आकाराला थेट तपासणी नाही, कारण तपासायलाच तो न झेपणारा हिशेब लागतो. म्हणून कमी फोटॉनच्या नोंदी प्रत्यक्ष हिशेबाशी ताडतात, आणि मोठ्या नोंदी ‘वेगळे ओळखता येणारे फोटॉन’ किंवा ‘साधा उष्ण प्रकाश’ अशा स्वस्त पर्यायांशी जुळत नाहीत ना, ते पाहतात. पण ही यादी आपल्याला सुचलेल्या पर्यायांचीच असते, आणि फट राहते ती इथेच. २०२४ मध्ये चांगहुन ओह आणि सहकाऱ्यांनी गळतीचाच फायदा घेतला. गळक्या यंत्रातून बाहेर येणारा बहुतांश प्रकाश साध्या प्रकाशासारखा वागतो. खरोखर पुंजीय म्हणावे असे फोटॉन थोडेच उरतात. त्यांनी हे दोन भाग वेगळे केले, अवघड हिशेब फक्त छोट्या भागाचा केला, आणि तोवर झालेल्या मोठ्या प्रयोगांची नक्कल संगणकावर उतरवली. काही कसोट्यांवर ती नक्कल यंत्रापेक्षाही आदर्श वाटपाच्या जवळ होती.

त्यामुळे अशी पुढची बातमी वाचताना फोटॉनचा किंवा वाटांचा आकडा नंतर बघावा. स्रोतापासून शोधकापर्यंत शंभरातले किती फोटॉन पोचले, हा आकडा आधी शोधावा.